बारा स्लाइड्स, सहा दृश्यं: आगळाच्या पुडीचं लाँच

प्रश्न: आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या सातजणी बचत गटातून आगळ, म्हणजे सोलकढीसाठी लागणारा कोकमाचा खारवलेला रस, करतो. आता ३० मिलीची पुडी काढली आहे, एका नारळाच्या रसाला एक पुडी पुरते. डिसेंबरमध्ये कुडाळला हॉल घेऊन दुकानदार आणि होमस्टेवाल्यांसमोर लाँच करायचं आहे. माझ्या भाच्याने बारा स्लाइड्स करून दिल्या आहेत. त्यावरूनच दीड मिनिटाचा व्हिडिओ करा असं सगळे म्हणतात. मी प्रत्येक स्लाइडसाठी वाक्यं लिहिली, ती अडीचशे शब्दांच्या आसपास झाली आणि वाचताना धाप लागते. कुठली स्लाइड व्हिडिओत घ्यायची, मी काय बोलायचं, नोट्स कशा लिहायच्या? स्लाइड्स अशा आहेत: १ नाव, २ आमचा गट, ३ कोकमाचे औषधी गुण, ४ पर्यटकाची अडचण, ५ बाजारातली इतर आगळं, ६ पुडीची ओळख, ७ कृती, ८ आगळ कसं करतो, ९ परवाना आणि तपासणी, १० दर आणि दुकानदाराचा नफा, ११ पुरवठा, १२ आभार.

उत्तर:

ताई, धाप लागते ती शब्दांमुळे. पडद्यावर वाचलेलं मराठी मी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या वर जाऊ देत नाही. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात आणि ऐकणाऱ्याला ते पोचायला वेळ लागतो. दीड मिनिटात बघायला, ऐकायला मोकळी जागाही सोडायची असते, म्हणून तुमच्या व्हिडिओला शंभर शब्द ही कमाल मर्यादा धरा. खाली दिलेलं स्क्रिप्ट सत्तरच्या आसपास आहे.

अडीचशे शब्द झाले कारण तुम्ही बारा स्लाइड्सची बारा दृश्यं करायला गेलात. तसं करू नका. प्रत्येक स्लाइड समोर ठेवून एकच प्रश्न विचारा: यातली गोष्ट डोळ्यांना दिसते का? दिसत असेल तर ती दृश्यात जाते. दिसत नाही पण माणसाने तोंडाने सांगितली तर पटते, अशी गोष्ट तुमच्या नोट्समध्ये जाते. दोन्ही नसेल तर ती स्लाइड काढून टाकायची.

तुमच्या बारा स्लाइड्स मी अशा वाटल्या. ४, ६, ७, ८, २ आणि ९ यांची दृश्यं होतात. १ आणि ११ मिळून शेवटचं दृश्य. १० फक्त तुमच्या तोंडी आणि एका स्लाइडवर. व्हिडिओत अजिबात नाही. हा व्हिडिओ उद्या होमस्टेवाला आपल्या पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. त्यात दुकानदाराचा नफा दिसला तर दुकानदार दुखावतो, आणि दर बदलला की व्हिडिओ वाया जातो. ५ काढा. दुसऱ्याच्या बाटल्या पडद्यावर दाखवून आपला माल मोठा होत नाही. शिवाय हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या दुकानदारांकडे त्याच बाटल्या विकायला असतात. १२ ऐवजी ऑर्डर कुठे द्यायची ते लिहा.

स्लाइड ३ वर मात्र थांबून सांगतो. "पित्त जातं, वजन उतरतं, हृदयाला चांगलं" हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं आणि मनापासून सांगतो. पण खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत रोग बरा होतो, टळतो असा दावा करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार परवानगी नाही, आणि लाँच व्हिडिओ ही जाहिरातच आहे. "नैसर्गिक" हा शब्ददेखील कुठे वापरायचा याला अटी आहेत. त्यामुळे ही स्लाइड संपूर्ण काढा. स्लाइड ९ वर भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे जीआयचं बोधचिन्ह टाकलं असेल तर तेही तपासा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे. पण ते चिन्ह वापरायला तुमचा गट अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला हवा. नोंद नसेल तर ते व्हिडिओत आणि पुडीवरही नको.

आता स्क्रिप्ट. कंसातली वेळ सेकंदात आहे.

दृश्य १ (० ते १२), स्लाइड ४ वरून. होमस्टेचा पडवीचा कठडा. बॅग भरणाऱ्या बाईचे हात. आगळाची काचेची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळते, वर प्लास्टिकची पिशवी, बॅगेत कपड्यांमध्ये घालते, पुन्हा काढते, झाकण घट्ट करून बघते आणि शेवटी कठड्यावर ठेवून देते. पहिले आठ सेकंद कुणीही बोलत नाही. कागदाचा आवाज ऐकू येऊ द्या. मग निवेदन: "सोलकढी आवडली. पण आगळाची बाटली बॅगेत कशी न्यायची?"

दृश्य २ (१२ ते २४), स्लाइड ६. त्याच कठड्यावर, बाटलीच्या शेजारी पुडी येते. तेच हात पुडी उचलून पर्सच्या कप्प्यात टाकतात आणि चेन लावतात. निवेदन: "म्हणून आम्ही आगळ पुडीत भरलं. एक नारळ, एक पुडी."

दृश्य ३ (२४ ते ४८), स्लाइड ७. फडक्यातून नारळाचा रस पिळला जातो. पुडी फोडून आगळाची धार पांढऱ्या रसात पडते, पळी फिरते, रंग चढतो. इथे निवेदक नाही. तुमच्यातली जी रोज कढी करते ती स्वतः, मालवणीत: "पुडी फोडूची, रसात ओतूची, ढवळूची. मीठ घालूचा नाय, आगळात आसाच." मग वाटीत वाढणं, वर कोथिंबीर.

दृश्य ४ (४८ ते ६६), स्लाइड ८ आणि २. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, गोळा करताना, फोडताना, बरणीत मीठ घालताना. शेवटी सातजणी एका पडवीत. निवेदन: "मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी रतांबे उतरवायचे, धुऊन फोडायचे, मिठात मुरवायचे, सुटलेला रस गाळून घ्यायचा. आम्ही सातजणी हे आपापल्या घरी करत होतो. आता एकत्र करतो."

दृश्य ५ (६६ ते ७८), स्लाइड ९. पुडीची मागची बाजू, अगदी जवळून. बोट बॅच क्रमांकावरून तारखेवर आणि मग परवाना क्रमांकावर सरकतं. निवेदन: "प्रत्येक पुडीवर बॅच क्रमांक आहे, तारीख आहे. वेगळा रंग घातलेला नाही." शेवटचं वाक्य तुमच्या लेबलवरच्या घटकांच्या यादीशी जुळत असेल तरच ठेवा.

दृश्य ६ (७८ ते ९०), स्लाइड १ आणि ११. रिकामी वाटी, तिच्या आतल्या बाजूला गुलाबी कड. शेजारी पुडी. वर पुडीचं नाव आणि ऑर्डरचा फोन नंबर. निवेदनात फक्त नाव. नंबर वाचून दाखवायचा नाही, तो निदान सात सेकंद पडद्यावर स्थिर ठेवायचा म्हणजे लोकांना मोबाईलवर फोटो काढता येतो.

दृश्य ३ ला चोवीस सेकंद दिले, कारण माल तिथेच सिद्ध होतो. आणि चित्रीकरणात सगळ्यात जास्त तेच फसतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

पहिलं, सोलकढी थांबत नाही. ढवळून ठेवली की थोड्या वेळात नारळाचा घट्ट भाग वर येतो आणि खाली पाणीदार गुलाबी थर राहतो. कॅमेरा, लाइट, कोन असं सगळं ठरवेपर्यंत वाटी तशीच ठेवलीत तर पडद्यावर फाटलेली कढी दिसेल. म्हणून आधी साध्या पाण्याची वाटी ठेवून सगळं जुळवा, सराव करा आणि शेवटी खरा रस आणा. तीन नारळ हाताशी ठेवा. रस काढताना कोमट पाणी घेतलं असेल तर तो पूर्ण निवू द्या. गरम रसात आगळ पडलं की तो खरोखरच फाटतो आणि कडेला कण दिसतात.

दुसरं, रंग. मोबाईल आपल्या मनाने उजेड आणि रंग बदलत राहतो. पांढऱ्या रसात गडद आगळ पडतं त्या क्षणी तो चित्र उजळ करतो आणि सुंदर गुलाबी रंग फिकट, मातकट दिसतो. पडद्यावर वाटीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. आयफोनवर तिथे "AE/AF LOCK" असं दिसतं. ट्यूबलाइट बंद करा, फक्त एका बाजूच्या खिडकीचा उजेड घ्या. दोन्ही मिसळले की वाटीच्या एका बाजूला हिरवट झाक येते. वाटी स्टीलची नको, तिच्यात तुमचं प्रतिबिंब दिसतं. पांढरी चिनीमातीची किंवा काचेचा साधा पेला घ्या. ओतायच्या क्षणी कॅमेरा हलवायचा नाही. हात हलतो, धार पडते, तेवढं पुरे.

तिसरं, रतांबे. डिसेंबरात झाडावर पिकलेला रतांबा मिळणार नाही, मोसम एप्रिल-मेचा. बाजारातून सुकी सोलं आणून ती फोडल्याचं नाटक करू नका. समोर बसलेला प्रत्येक माणूस कोकणातला आहे, त्याला लगेच कळतं. तुमच्या सातजणींच्या आणि मुलांच्या फोनमध्ये मे महिन्याचे व्हिडिओ असणारच. ते शोधा. ते व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे मागवलेत तर दाबून लहान होऊन येतील आणि हॉलच्या पडद्यावर चौकोन चौकोन दिसतील. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. उभा व्हिडिओ असला तर त्याच्या दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून पसरवू नका. दोन उभे तुकडे शेजारी शेजारी ठेवा, एकात झाड, एकात हात. काहीच मिळालं नाही तर दृश्य ४ मध्ये फक्त बरणी, गाळणं आणि सातजणी घ्या, निवेदनातला मे महिना तसाच ठेवा. पुढच्या मेमध्ये नीट चित्रण करून तेवढं दृश्य बदलता येईल.

सगळं नवं चित्रण आडवं आणि फोरकेमध्ये घ्या आणि मुख्य गोष्ट चौकटीच्या मधल्या तिसऱ्या भागात ठेवा. हॉलसाठी आडवा व्हिडिओ लागतो आणि फोनसाठी उभा. ३८४० बाय २१६० च्या चित्रातून उभा तुकडा कापला तरी रुंदी साधारण १२०० राहते, फोनवर स्वच्छ दिसते. साध्या १९२० बाय १०८० मधून कापलं तर सहाशेच्या आसपास उरते आणि पुडीवरची अक्षरं जातात.

निवेदन जागेवर बोलू नका. किनाऱ्याजवळ दुपारनंतर वारा वाढतो आणि फोनच्या माइकमध्ये तो भरभर असा घुसतो. नंतर तो काढायला गेलं की आवाज पत्र्यासारखा होतो. रात्री, पंखा बंद करून, गाद्या रचलेल्या खोलीत, फोन तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूला धरून बोला. कागदाचा, फडक्याचा, धारेचा आवाज मात्र चित्रणाच्या वेळचाच ठेवा.

आता तुमच्या नोट्स. व्हिडिओत जे आहे ते नोट्समध्ये पुन्हा लिहायचं नाही, हा एक नियम पाळलात तर त्या आपोआप लहान होतात. माझ्या मते तुमचा कार्यक्रम आठ मिनिटांचा असावा: दीड मिनिट तुम्ही, दीड मिनिट व्हिडिओ, पाच मिनिटं दर, पुरवठा आणि प्रश्न. व्हिडिओ पहिल्या सेकंदाला लावू नका. लोक अजून खुर्च्या ओढत असतात आणि दृश्य १ मधली शांतता फुकट जाते.

नोट्सच्या पानावर मी तीन प्रकारच्या ओळी लिहायला लावतो: पाठ करायचं वाक्य, हाताने करायची गोष्ट, आणि येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर. पूर्ण परिच्छेद लिहिलात की डोळे खाली जातात आणि वाचन सुरू होतं. तुमची पानं साधारण अशी होतील.

*स्लाइड १, नाव.* पाठ: "नमस्कार. गेल्या मोसमात आमच्याकडे उतरलेल्या किती पाहुण्यांनी जाताना आगळ मागितलं आणि न घेता गेले, ते आम्ही वहीत लिहून ठेवलं." मग तुमचा खरा आकडा. वहीत लिहिलेला नसेल तर आकडा सांगू नका. एका पाहुण्याची एक खरी गोष्ट सांगा. हात: बाटली वर धरायची, टेबलावर ठेवायची. "बघा" एवढंच म्हणून व्हिडिओ सुरू.

*व्हिडिओ चालू असताना.* बोलायचं नाही, पडद्याकडे बघायचं. दृश्य ५ मध्ये बोट तारखेवर आलं की टेबलाकडे चालू लागायचं. रिकामी वाटी दिसेल तेव्हा मागे बसलेल्या दोघींनी सोलकढीचे पेले फिरवायला सुरुवात करायची.

*स्लाइड १०, दर.* पाठ: छापील किंमत, दुकानदाराला पडणारा दर, एका बॉक्समधल्या पुड्या. तीनच आकडे. हात: बॉक्स उघडून दाखवायचा, काउंटरवर तो कसा उभा राहतो ते. मग थांबायचं आणि लोकांना आकडे लिहू द्यायचे. मनात दहा मोजा, ते लांब वाटेल, तरी मोजा.

*प्रश्न.* तीन नक्की येतात. "खपलं नाही तर परत घेणार का?" याचं उत्तर गटात आधी ठरवून एका वाक्यात लिहा, किती दिवसांत आणि किती पुड्या तेही. "फ्रिज लागतो का, टिकतं किती?" इथे लेबलवर छापलं आहे तेवढंच बोला, घरात बरणी वर्ष वर्ष टिकते हे खरं असलं तरी पुडीची मुदत तपासणीवरून ठरलेली असते. आणि होमस्टेवाला विचारेल, "मुंबईला ओला नारळ कोण फोडणार?" उत्तर: तयार नारळाच्या दुधाचं पाकीट चालतं, ते घट्ट असतं म्हणून आधी पाणी घालून रसाइतकं पातळ करायचं आणि पुडी एकदम न ओतता चव बघत घालायची. पण आधी स्वतः करून बघा. पाकीट किती मिलीचं, पाणी किती लागलं, ते नोट्समध्ये लिहा. हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा ऑर्डर देणारा असतो, त्याला अंदाजाने उत्तर देऊ नये.

शेवटी यंत्राच्या दोन गोष्टी. व्हिडिओ पॉवरपॉइंटमध्ये टाकताना `Insert > Video > This Device` असा टाका म्हणजे तो फाइलच्या आत बसतो, आणि वेगळी एमपीफोर फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा. हॉलमधल्या इंटरनेटवर अवलंबून राहू नका. दुसरी गोष्ट मी भोगली आहे. काही वर्षांपूर्वी एका आंब्याच्या मालाच्या लाँचला हॉलच्या लॅपटॉपवर पडदा "Duplicate" वर, म्हणजे लॅपटॉपवर दिसतं तेच पडद्यावर, असा राहिला होता आणि आमच्या नोट्सचं पान, आतल्या दरासकट, दोनशे लोकांसमोर झळकलं. त्या दिवशी एका घाऊक व्यापाऱ्याला वेगळा दर दिल्याचं सगळ्यांना कळलं आणि मालकाला पुढचे दोन महिने समजूत घालत फिरावं लागलं. तेव्हापासून मी हॉलवर गेल्यावर आधी `Win + P` दाबून "Extend" निवडतो, मग `Alt + F5` ने, नोट्स फक्त आपल्यालाच दिसतात तो प्रेझेंटर व्ह्यू उघडून स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बघतो. नोट्स पुठ्ठ्याच्या कार्डांवर हातानेही लिहून न्या. वीज गेली तर जनरेटर लागेपर्यंत तुमच्याकडे बाटली, पुडी, पेले आणि ती कार्डं असतील.

त्याच वेळी शेवटच्या रांगेतून दृश्य ५ बघा. दुपारचा हॉल असेल तर प्रोजेक्टरवर गुलाबी रंग राखाडी दिसतो आणि बॅच क्रमांक वाचता येत नाही. व्यासपीठाजवळच्या खिडक्यांना जाड पडदे लावायला सांगा. तेवढ्यानेही दिसत नसेल तर दृश्य ५ मध्ये पुडीवरची तीच अक्षरं काळ्या पट्टीवर पांढऱ्या रंगात मोठी करून घाला. हा बदल करायला एक रात्र हाताशी हवी, म्हणून हॉलची चाचणी लाँचच्या सकाळी न ठेवता आदल्या दिवशी दुपारी ठेवा, कार्यक्रमाची वेळ असेल त्याच वेळेला.